पीपीएफमधून मुदतीआधी पैसे काढताना: किती मिळतील, कधी मिळतील आणि कुठे अडेल

गेल्या वर्षी दिवाळीत भाची घरी आली होती. फराळ बाजूला राहिला आणि तिने पिशवीतून पासबुक काढलं. "मामा, पीपीएफमध्ये पावणेआठ लाखांच्या वर दिसतायत. पाच वर्षं झाली की निम्मे काढता येतात ना? मग बँकवाले एक लाख एकोणचाळीस हजारच का म्हणतात?"

फ्लॅटच्या नोंदणीसाठी तिला एप्रिलअखेरपर्यंत तीनेक लाख हवे होते. पासबुकात शिल्लक होती ७,८७,५९०. त्याचे निम्मे म्हणजे ३,९३,७९५, असा तिचा सरळ हिशोब. काउंटरवरच्या मुलीने सांगितलेला आकडा होता १,३९,५७८. भाचीला वाटलं काहीतरी चूक झाली आहे. चूक काही नव्हती. बँकेच्या नोकरीत मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार होतं. तिला वहीवर जसं समजावलं, तसंच इथे मांडतो.

आधी वर्ष मोजा, पण उघडल्याच्या तारखेपासून नाही

पीपीएफमध्ये वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यावर घड्याळ सुरू होतं. तिथून पुढे पूर्ण पाच वर्षं गेली की मधेच पैसे काढण्याचा हक्क मिळतो, आणि पंधरा वर्षं गेली की खात्याची मुदत संपते.

भाचीने खातं उघडलं १२ मार्च २०२० रोजी, कर वाचवायच्या शेवटच्या धावपळीत. ते वर्ष २०१९-२०, संपलं ३१ मार्च २०२० ला. पाच वर्षं झाली ३१ मार्च २०२५ ला, म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून तिला पैसे काढता येत होते. मुदत संपणार ३१ मार्च २०३५ ला. तिने हेच खातं महिनाभर थांबून एप्रिल २०२० मध्ये उघडलं असतं तर दोन्ही तारखा अख्ख्या वर्षाने पुढे गेल्या असत्या. मार्चमध्ये घाईने उघडलेल्या खात्याचा हा एक फायदा, जो उघडताना कोणाच्या ध्यानात नसतो.

तेव्हा पहिलं काम हे. पासबुकाच्या पहिल्या पानावरची उघडल्याची तारीख बघा, तिच्या पुढचा ३१ मार्च लिहा आणि त्यात पाच मिळवा. उघडलेलं वर्ष पहिलं धरलं तर हक्क सातव्या आर्थिक वर्षात येतो. 'पाच वर्षांनी' ऐकून सहाव्या वर्षात रांगेत उभे राहणारे बरेच असतात.

मग प्रत्येक ३१ मार्चची शिल्लक लिहून काढा

पासबुक भरून घ्या आणि दरवर्षी व्याज जमा झाल्यानंतरची शिल्लक एकाखाली एक लिहा. भाचीने पहिल्या वर्षी ५०,००० भरले आणि नंतर दरवर्षी एप्रिलच्या पाच तारखेच्या आत एक लाख. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. १ एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आहे, त्यामुळे तिचा हिशोब सोपा. तिची यादी अशी झाली:

३१ मार्च २०२०: ५०,०००
३१ मार्च २०२१: १,६०,६५०
३१ मार्च २०२२: २,७९,१५६
३१ मार्च २०२३: ४,०६,०७६
३१ मार्च २०२४: ५,४२,००७
३१ मार्च २०२५: ६,८७,५९०

पहिल्या ओळीत व्याज नाही, त्याचं कारण सांगतो, कारण पुढे पैसे काढतानाही तोच नियम आडवा येतो. व्याज महिन्याचं धरतात, आणि ते पाच तारखेच्या कामकाजाअखेरपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर. भाचीने पैसे बारा तारखेला भरले. पाच तारखेला खातं जन्मालाही आलं नव्हतं, त्यामुळे मार्चचं व्याज शून्य. जे लोक एप्रिलच्या पाच तारखेआधी वर्षाची रक्कम भरून मोकळे होतात त्यांना बाराही महिन्यांचं व्याज मिळतं. चेकने भरणार असाल तर पाच तारखेला चेक टाकून चालत नाही, वटायला लागणारे दिवस हाताशी ठेवा.

भरण्याची मर्यादा बहुतेकांना माहीत असते: वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख. एक गोष्ट मात्र निसटते. अज्ञान मुलाच्या नावाने तुम्ही पालक म्हणून खातं चालवत असाल, तर तुमचं आणि मुलाचं मिळून दीड लाख. दोन्हीकडे दीड-दीड लाख भरले तर वरची रक्कम बिनव्याजी परत येते, आणि बहुधा अशा वेळी कळतं की वर्ष सरलेलं असतं.

आता निम्मे कशाचे?

नियमात दोन शिलका आहेत. ज्या वर्षी पैसे काढायचे ते चालू वर्ष सोडून द्या. त्याच्या मागच्या वर्षाच्या अखेरची शिल्लक ही एक. चालू वर्षाच्या मागे चार वर्षं मोजत गेल्यावर जे वर्ष येतं, त्याच्या अखेरची शिल्लक ही दुसरी. या दोन्हींत जी कमी, तिचे ५० टक्के. पीपीएफवर घेतलेलं आधीचं कर्ज बाकी असेल तर तेवढं वजा.

भाची २०२५-२६ मध्ये विचारत होती. चालू वर्ष सोडलं. मागे मोजलं: २०२४-२५ एक, २०२३-२४ दोन, २०२२-२३ तीन, २०२१-२२ चार. चौथ्या वर्षाच्या अखेरची शिल्लक म्हणजे ३१ मार्च २०२२ ची, २,७९,१५६. मागच्या वर्षअखेरची ६,८७,५९०. कमी कोणती? २०२२ ची. तिचे निम्मे १,३९,५७८. काउंटरवरच्या मुलीने पैशापर्यंत बरोबर सांगितलं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये भरलेला एक लाख या हिशोबात कुठेच नाही, हेही बघा. पैसे काढायच्या आधी घाईने मोठी रक्कम भरून मर्यादा वाढवता येत नाही. मर्यादा ठरते ती जुन्या शिलकीवर, आणि पहिल्यांदा काढताना तर फक्त पहिल्या तीन आर्थिक वर्षांत काय भरलं यावर. सुरुवातीला 'खातं चालू राहू दे' म्हणून तीन वर्षं पाचशे-पाचशेच भरले आणि मग दीड-दीड लाख टाकले, तर सातव्या वर्षी पासबुकात लाखो दिसतील आणि काढायला हजार रुपयेसुद्धा मिळणार नाहीत. असा एक गृहस्थ माझ्यासमोर खुर्चीत बसून दहा मिनिटं गप्प होता.

मार्च आणि एप्रिलचा सांधा

मधेच पैसे काढायची मुभा आर्थिक वर्षातून एकदाच आहे. पण ३१ मार्च ओलांडला की दोन गोष्टी बदलतात. नवी संधी मिळते, आणि मर्यादा ठरवणारी शिल्लक एक वर्ष पुढे सरकते. २०२६-२७ मध्ये चौथं वर्ष २०२२-२३ होतं, शिल्लक ४,०६,०७६, निम्मे २,०३,०३८.

भाचीला पैसे एप्रिलअखेर हवे होते, म्हणजे तिची वेळ बरोबर सांध्यावर होती. मार्चमध्ये १,३९,५७८ आणि एप्रिलमध्ये २,०३,०३८, मिळून ३,४२,६१६. तिला शंका आली, मार्चमध्ये काढल्याने एप्रिलची मर्यादा घटणार नाही का? घटली असती, जर ३१ मार्च २०२६ ची शिल्लक चार लाखांच्या खाली आली असती. कमी असलेली शिल्लक धरायची हे कलम त्यासाठीच आहे. तिच्या खात्यात काढूनही सात लाखांच्या आसपास उरत होते, त्यामुळे काही फरक पडला नाही. ज्यांचं खातं लहान आहे किंवा ज्यांनी आधी बरेच काढले आहेत, त्यांनी दोन्ही आकडे मांडूनच बघावेत.

मार्चमध्ये नेमकं कधी काढायचं? व्याजाचा नियम आठवा. महिन्यात कुठल्याही दिवशी काढलं तरी काढलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज जातं, कारण सगळ्यात कमी शिल्लक धरतात. दोन मार्चला काढा की सत्तावीसला, १,३९,५७८ वर साधारण ८२६ रुपयेच बुडतात. पण फेब्रुवारीच्या २८ तारखेला काढलं तर फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांचं व्याज जातं. म्हणून महिनाअखेरीला पैसे काढायला निघाला असाल आणि दोन दिवस थांबणं शक्य असेल, तर पुढच्या महिन्याची एक तारीख उजाडू द्या. आम्ही मार्चचा दुसरा आठवडा धरला. शेवटच्या आठवड्यात जायचं नाही, तेव्हा बँकेत वर्षअखेरीची गर्दी असते. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहिला आणि नोंद १ एप्रिलनंतर पडली, तर मार्चची संधी गेलीच, शिवाय एप्रिलची वापरली गेली असं होतं.

काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही आणि कारणही सांगावं लागत नाही. खातं मुलाचं असेल तर पैसे मुलासाठीच वापरणार, असं पालकाला लिहून द्यावं लागतं, एवढंच.

अर्ज आणि अडथळे

अर्ज फॉर्म २ वर करायचा. जुने लोक अजून याला 'फॉर्म सी' म्हणतात, पण २०१९ च्या नव्या योजनेपासून क्रमांक आले आहेत. फॉर्मवर खाते क्रमांक, हवी असलेली रक्कम आणि पैसे कुठल्या बचत खात्यात जमा करायचे ते लिहा, सोबत पासबुक द्या. रक्कम लिहिताना तुम्ही काढलेला आकडा रुपयापर्यंत लिहा. 'जेवढी मिळेल तेवढी' असं लिहिलं की अर्ज परत येतो. काही बँका हे काम नेट बँकिंगवर करू देतात. तरीसुद्धा आठवडाभर आधी शाखेत जाऊन आधार आणि पॅन खात्याला जोडलेले आहेत का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून ते सक्तीचे आहेत, आणि जुन्या खातेदारांना दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली. त्यानंतर आधार न दिलेली खाती गोठवली गेली, आणि गोठलेल्या खात्यातून पैसे निघत नाहीत.

दुसरा अडथळा बंद पडलेल्या खात्याचा. एखाद्या वर्षी पाचशे रुपयेही भरले नाहीत तर खातं खंडित होतं. व्याज मिळत राहतं, त्यामुळे पासबुक बघून काही कळत नाही. पण कर्ज नाही, मधे काढणं नाही, आणि दुसरं खातंही उघडता येत नाही. सुरू करायला प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे ५०० आणि वर ५० दंड. दोन वर्षं चुकली असतील तर ११००, शिवाय चालू वर्षाचे ५००. रक्कम किरकोळ आहे, पण हे काम मुदत संपण्याआधीच व्हायला हवं, आणि पैसे काढायच्या अर्जाच्या आधी.

तिसरा अडथळा सगळ्यात चिवट. खातं पोस्टातून बँकेत किंवा एका बँकेतून दुसरीत हलवलं असेल, तर नवीन शाखेत नोंद करताना उघडल्याची तारीख म्हणून कधीकधी हलवल्याची तारीख पडते. दहा वर्षांचं खातं संगणकावर तीन वर्षांचं होतं आणि 'पात्र नाही' असा शेरा येतो. कधी तारीख बरोबर असते, पण मागच्या वर्षांच्या शिलका चढवलेल्या नसतात, मग मर्यादा शून्य किंवा हास्यास्पद लहान दाखवते. माझ्या स्वतःच्या खात्याचं हेच झालं होतं, आणि मी त्याच धंद्यात होतो. जुन्या पासबुकाची झेरॉक्स माझ्याकडे होती म्हणून सहा आठवड्यांत सुटलं. खातं हलवताना जुनं पासबुक जमा करून घेतात, तेव्हा त्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा. आणि खातं नव्या शाखेत आल्याच्या आठवड्यातच नवीन पासबुकावरची मूळ तारीख तपासा, पैशांची गरज पडेपर्यंत थांबू नका.

पाच वर्षं व्हायची असतील तर

त्याआधी फक्त कर्ज. उघडलेल्या वर्षाच्या अखेरीपासून एक वर्ष झालं की ते मिळू लागतं आणि पाच वर्षं झाली की तो दरवाजा बंद होतो, कारण मग काढताच येतं. रक्कम चालू वर्षाच्या मागे दोन वर्षं मोजून, त्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत. भाचीने २०२४-२५ मध्ये मागितलं असतं तर ३१ मार्च २०२३ च्या ४,०६,०७६ वर १,०१,५१९ मिळाले असते. मुद्दल ३६ महिन्यांत फेडायचं, वर १ टक्का दराने व्याज. ३६ महिने ओलांडले तर ६ टक्के.

खातं पूर्ण बंद करून सगळे पैसे घ्यायची वाटही आहे, पण तीसुद्धा पाच वर्षांनंतरच आणि ठरलेल्या कारणांसाठीच: स्वतःचा, जोडीदाराचा, अवलंबून असलेल्या मुलांचा किंवा आईवडिलांचा जीवघेणा आजार, स्वतःचं किंवा अवलंबून असलेल्या मुलांचं उच्च शिक्षण, आणि खातेदार अनिवासी झाला तर. घर हे कारण त्यात बसत नाही. भाचीला हे ऐकून वाईट वाटलं, पण बसत असतं तरी मी तिला नको म्हटलं असतं. बंद करताना अगदी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एक टक्का कमी दराने मोजतात. तिच्या खात्यावर ७.१ ऐवजी ६.१ लावून बघितलं, तर ३१ मार्च २०२५ पर्यंतच २१ हजारांच्या आसपास कमी भरत होते. मधे काढण्याला असा दंड नाही. म्हणून शिक्षणासाठी पैसे हवे असले तरी आधी मार्च-एप्रिलच्या दोन हप्त्यांत भागतंय का ते बघा.

पंधरा वर्षं झाल्यावर

मुदत संपली की तीन वाटा. फॉर्म ३ देऊन सगळे पैसे घ्या. किंवा काहीच करू नका. खातं तसंच राहतं, व्याज चालू राहतं, नवीन पैसे भरता येत नाहीत, आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. किंवा मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत फॉर्म ४ देऊन पाच वर्षांनी वाढवा, मग भरणंही चालू राहतं. या तिसऱ्या वाटेत पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येतं, वर्षातून एकदा. तीस लाखांवर वाढवलं तर पाच वर्षांत अठरा लाख. ते पहिल्याच वर्षी एकदम घ्या किंवा थोडेथोडे.

गरज कधी लागेल याचा भरवसा नसेल तर दुसरी वाट मोकळी. पण एकदा न भरता वर्ष उलटलं की पुन्हा भरण्याकडे वळता येत नाही.

फसतात ते फॉर्म ४ न देता भरत राहणारे. पगारातून दरमहा रक्कम आपोआप वळती करायची सूचना बँकेला दिलेली असते, मुदत संपते, सूचना कोणी थांबवत नाही, आणि पैसे जात राहतात. ते पैसे अनियमित ठरतात, त्यांवर व्याज नाही आणि करसवलतही नाही. ज्यांची मुदत येत्या मार्चमध्ये संपते आहे त्यांनी ती सूचना कधीपर्यंत दिली आहे ते आजच नेट बँकिंगमध्ये उघडून बघा. भाचीची २०३५ च्या मार्चपर्यंत आहे, मी स्वतः तपासली.